पावणेआठ ते सव्वाआठ

एकच पत्र पंधरा मिनिटांत येतं आणि त्याच पत्राला नऊ दिवसही लागतात, हे कसं काय? चिन्मयीच्या डोक्यात सकाळपासून हेच घोळत होतं. ती नऊ वर्षांची. राहायला मंगळावरच्या वसाहतीत, आई आणि नानांबरोबर. नाना म्हणजे आईचे वडील, तिथल्या दुर्बिणीचे शास्त्रज्ञ. बाबा मात्र पृथ्वीवर, महाराष्ट्रातल्या एका तुरुंगात. पाण्याच्या टाकीची चाचणी न घेताच त्यांनी कागदावर सही ठोकली. टाकी फुटली, दोन माणसं जायबंदी झाली. चूक बाबांचीच होती आणि घरात कुणी ती लपवत नसे.

"तीन तारखेला लिहिलंय, आणि पोचलं आज, बाराला," चिन्मयी फुरंगटून म्हणाली. "प्रकाश सगळ्यांत वेगवान म्हणता ना? मग बाबांनीच पाठवायला आळस केला."

"आधी पत्र नीट बघ, मग बाबांवर घसर," म्हणत नानांनी ते पडद्यावर मोठं केलं. रेघांचा एकच कागद. वर कैदी क्रमांक. मध्ये एक ओळ काळ्या शाईनं खोडलेली. खाली निळा शिक्का, 'तपासले', आणि तारीख बारा.

"कैद्याला पत्र बंद करून देता येत नाही," नाना म्हणाले. "अधिकारी ते शब्दन् शब्द वाचतात. पहाऱ्याबद्दल वगैरे काही लिहिलेलं असलं तर तेवढं खोडतात, शिक्का मारतात, आणि मगच ते इकडे पाठवतात. कैदी तीनशे, वाचणारा एक. तुझं पत्र नऊ दिवस टेबलावरच्या गठ्ठ्यात पडून होतं. प्रवास फक्त पंधरा मिनिटांचा."

"पंधराच कशावरून?"

"पत्र रेडिओ लहरींवर येतं, आणि त्या प्रकाशाच्याच वेगानं धावतात. सेकंदाला तीन लाख किलोमीटर. सध्या पृथ्वी आपल्यापासून सत्तावीस कोटी किलोमीटरवर आहे. कर भागाकार."

"नऊशे सेकंद," चिन्मयी म्हणाली. पंधरा मिनिटं बरोबर निघाली आणि तिचा राग निम्मा उतरला. मग तिनं पत्र पुन्हा वाचलं.

"चिमे, बराक अंधारायच्या आत बंद होते, त्यामुळे मला आकाश दिसतं ते गजांतून, ओंजळीएवढं. सोळा तारखेला आठचा टोला पडेल तेव्हा मंगळ खिडकीत उतरेल आणि बारा मिनिटांत समोरच्या पिंपळाआड जाईल. मी मोजून ठेवलंय. तूही बरोबर आठला पृथ्वीकडे बघ. तेवढा वेळ आपण समोरासमोर असू."

वसाहतीत प्रत्येकाला महिन्यातून एकदाच दुर्बिणीची पाळी मिळे, तीही बारा मिनिटांची. चिन्मयीनं सोळा तारीख, भारतीय वेळ आठ, अशी आपली पाळी लावूनही टाकली होती.

नाना पाळ्यांचा तक्ता बघत होते. "आठला तुला पृथ्वी दिसेल, पण कधीची?"

चिन्मयीनं बोटांवर मोजलं. "पावणेआठची. तेव्हा बाबा खिडकीशी आलेलेच नसतील! आणि बारा मिनिटं झाली तरी सात सत्तावन्नचीच पृथ्वी. नाना, माझी पाळी फुकट जाणार."

तिला रडूच आलं. सव्वाआठची पाळी शेजारच्या कुरेशीकाकूंची होती, आणि त्या तिथेच बसल्या होत्या. काकूंनी डोळे पुसू दिले, मग म्हणाल्या, "मला पृथ्वीचा चंद्र आठला बघितला काय आणि नंतर बघितला काय, तो काही पळून जात नाही. घे माझी पाळी, तुझी मला दे."

पण दारातून चिन्मयी परत फिरली. "नाना, बाबांना आठला मंगळ दिसेल, तोही पावणेआठचाच. मग मी त्यांच्यासमोर यायला हवी तर मला पावणेआठलाच खिडकीत उभं राहावं लागेल."

"शाबास! हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं," नाना म्हणाले, आणि ते खरंच होतं.

सोळाला वसाहतीत पहाट होती. भिंतीवरच्या भारतीय घड्याळात पावणेआठ झाले तशी चिन्मयी दिवा घेऊन खिडकीत उभी राहिली. एवढासा दिवा इतक्या लांबून दिसणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी बारा मिनिटं ती हलली नाही. मग सव्वाआठला दुर्बिणीला डोळा लावला. पृथ्वी अपुऱ्या चंद्रासारखी दिसत होती. तिच्या अंधाऱ्या कडेला भारत होता, आणि तिथे आठ वाजले होते.

"आले बाबा," ती हळूच म्हणाली.

त्याच दिवशी तिनं पत्र लिहिलं. सगळं गणित मांडलं, "पुढच्या वेळी लक्षात ठेवा" असं बाबांना बजावलं, आणि शेवटी एक ओळ जोडली, 'पत्र वाचणाऱ्या काकांना नमस्कार. हे गणितही तपासा, आणि जमलं तर जरा लवकर.'

उत्तर तिसऱ्याच दिवशी आलं. बाबांनी पुढच्या महिन्याची तारीख कळवली होती, अंतर बदललं की मिनिटंही बदलतील हे लक्षात ठेवून, दोन वेगवेगळ्या वेळा देऊन, एक तिनं खिडकीत उभं राहण्याची आणि एक दुर्बिणीतून बघण्याची. खाली नेहमीचा निळा शिक्का होता, 'तपासले'. त्याखाली कुणीतरी पेनानं लिहिलं होतं, 'गणितही तपासले. बरोबर आहे.'