शेवटची चौतीस मिनिटं

रात्रपाळी संपवून ती थेट बसस्थानकावर आली. धाकट्या बहिणीचं ऑपरेशन झालं होतं, चार दिवस तिच्याजवळ राहायचं होतं, आणि प्रवास चांगला नऊ तासांचा. खिडकीची जागा एका वयस्कर बाईंनी आधीच पटकावली होती. अंगात फिकट निळा स्वेटर, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. तिने शेजारी बसून मोबाइल काढला, पण डोळे चुरचुरत होते. सिनेमा लावला आणि दोन मिनिटांत बंद केला.

"आवडला नाही का गं?" बाईंनी विचारलं.

सिनेमा चांगला होता, डोळेच साथ देत नव्हते, असं ती म्हणाली. एवढ्यावरून विषय निघाला आणि थांबेचना. मावशींची रीत तिला भारी आवडली. कुठले सिनेमे आवडले, असं त्यांनी विचारलंच नाही. कुठला अर्ध्यात सोडलास, आणि का, हे विचारलं. "काय आवडलं, हे माणूस दुसऱ्याला बरं वाटावं म्हणूनही सांगतं," त्या म्हणाल्या. "सोडलेलं मात्र खरं सांगतं."

तिने सांगितलं, ज्यात सगळेच एकमेकांशी गोड वागतात तो सोडला. मावशी मान हलवत हसल्या आणि क्षणभर विचार करून त्यांनी एक सिनेमा सुचवला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका विधवेची गोष्ट. पहिली वीस मिनिटं काही म्हणजे काही घडत नाही, उठायचं नाही. पावणेदोन तासांचा आहे. एकटीने बघायचा, पण भरल्या पोटी. आणि त्यातला कुत्रा मरत नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर सगळा जीव त्याच्यातच अडकून राहतो. याच्यापुढे एक अक्षरही त्यांनी सांगितलं नाही.

तिच्या मोबाइलमध्ये यादी होती. सिनेमाचं नाव, कुणी सुचवला, कसल्या मनःस्थितीत बघायचा. तिने तो लिहून घेतला आणि बदल्यात आपल्याकडचे दोन दिले. एक मावशींनी पाहिलेला निघाला. दुसऱ्याचं नाव ऐकून त्यांनी विचारलं, तू स्वतः पाहिलास की कुणाकडून ऐकलास? न पाहिलेला सुचवायचा नाही, असा त्यांचा नियम होता. तिने कबूल केलं, नुसतंच ऐकलंय. त्या रागावल्या नाहीत, पण तिचे कान उगाच गरम झाले.

अशी दुपार कलली. बस घाट चढू लागली. मागची माणसं डुलक्या घेत होती, उन्हाने सीटच्या रेक्झिनला वास सुटला होता.

"आता माझा सगळ्यात आवडता," मावशी म्हणाल्या. "फक्त माझा नियम मोडतेय. हा मी पाहिलेला नाही."

आणि त्या सांगू लागल्या. नदी आहे. वल्ह्यांचा आवाज. दोन भाऊ, वर्षानुवर्षं न बोलणारे. थोरल्याचा आवाज जाड, बोलताना मधे खोकतो. होडी धुक्यात अडकते. मग कुणीच बोलत नाही, नुसतं पाणी, आणि थोरला घंटा वाजवत राहतो... थांबून थांबून...

हा सिनेमा तिला ठाऊक होता. अडीच महिन्यांपूर्वी तिने तो कामावर पाहिला होता.

ती लिफ्टच्या कंपनीत होती. शहरातल्या कुठल्याही लिफ्टमध्ये कुणी अडकलं आणि लाल बटण दाबलं, की रात्री तो कॉल तिच्या टेबलावर यायचा. इमारत कुठली, आत किती जण, श्वास नीट चाललाय ना, एवढं विचारायचं आणि मेकॅनिकला फोन लावायचा. लाइन मात्र चालू ठेवायची, म्हणजे आतल्या माणसाचा धीर सुटत नाही. त्या पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी एका म्हाताऱ्या बाईचा कॉल आला. एकटीच आहे, पहाटेची गाडी पकडायची आहे, जरा छातीत भरून आलंय. ती म्हणाली, मेकॅनिक निघालाय, पाच मिनिटं. तो निघाला नव्हता. तिने फोनच लावला नव्हता. मोबाइलवर सिनेमा ऐन भरात होता, आणि बाईंचा आवाज तसा शांत होता. एवढं होऊ दे, मग लावते, असं म्हणत ती शेवटापर्यंत बसून राहिली, आणि मगच फोन लावला. मेकॅनिक पोचला तेव्हा बाई गेल्या होत्या. रजिस्टरमध्ये तिने लिहिलं: चार बारा, फोन केला, उचलला नाही. मेकॅनिकला याआधी एकदा झोपेसाठी ताकीद मिळालेली होती. चार बाराला फोन वाजलाच नाही, असं तो सांगत राहिला. कुणी विश्वास ठेवला नाही. त्याला काढलं. जाताना तो तिला म्हणाला होता, "ताई, तुम्ही तरी बघा ना, तुमच्याकडे नोंद असेल." ती खाली बघत राहिली होती.

बस बोगद्यात शिरली. दिवे लागले नाहीत. अंधारात डिझेलचा आणि ओल्या दगडाचा वास आला, आणि शेजारचा आवाज एकदम बदलला. बारीक, चेपलेला, खरखरीत, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा.

"पाहिला नाही गं... ऐकला. घंटेपर्यंत ऐकला."

तिला उठायचं होतं. तिने पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली.

"शेवट सांगायचा नसतो, कळतं मला. पण मला आता कुठे बघायला मिळणार... सांग ना."

तिने सांगितला. कुजबुजत, मान खाली घालून, जीभ अडखळत. धाकटा किनाऱ्यावरच उभा असतो. घंटा त्याला पहिल्यापासून ऐकू येत असते. खूप वेळाने तो ओ देतो.

"हं," अंधारात समाधानाचा सुस्कारा आला. "आणि माझा कॉल आला तेव्हा किती राहिला होता?"

खोटं जिभेवर तयार होतं. गेले अडीच महिने ते तिथेच बसून होतं.

"चौतीस मिनिटं," ती म्हणाली.

"तू पाच म्हणाली होतीस."

त्या आवाजात राग असता तर तिला सोसला असता. नुसतीच दुरुस्ती होती ती, चुकीची वेळ सांगणाऱ्याला करावी तशी. बोगदा संपला, ऊन आत आलं. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. पुढच्या थांब्यावर त्या उतरल्या. कंडक्टरने हात धरून त्यांना खाली घेतलं, पिशवी दिली, "सावकाश हो आजी" म्हणाला. तिने मात्र वर पाहिलं नाही.

बहिणीच्या उशाशी बसून तिने पहिल्यांदा सगळं सांगितलं. बहीण म्हणाली, "त्या मेकॅनिकला मुलंबाळं आहेत का?" तिला ठाऊक नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं.

परतल्यावर ती साहेबांसमोर उभी राहिली आणि घडलं तसं बोलली. साहेबांनी आधी दार लावून घेतलं. मग मेकॅनिकला परत बोलवायचं पत्र लिहून घेतलं आणि तिचा राजीनामाही. पण चौकशीसाठी त्या कॉलचं रेकॉर्डिंग ऐकणं भाग होतं. हार्ट अटॅक म्हणून प्रकरण मिटलेलं, आजवर ते कुणी ऐकलंच नव्हतं.

दोघं ऐकत बसले. तिचा आवाज: निघालाय, पाच मिनिटं. मग सिनेमा. वल्ही, पाणी, घंटा. त्यामागे म्हाताऱ्या बाईंचा श्वास, हळूहळू जड होत जाणारा. तिने तोंडावर पदर धरला होता. साहेब तिच्याकडे बघत नव्हते, आणि तेच तिला जास्त लागत होतं.

चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांवर बाई बोलल्या. तिच्याशी नव्हे. कुणाशी तरी, अदबीने, अगदी जवळ उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसं.

"थोडं थांबता का... मघाशी घंटा वाजत होती, पुढचं काही नीट ऐकू आलं नाही हो..."

साहेबांनी टेप थांबवला. "आत त्या एकट्याच होत्या ना?"

तिने मान हलवली. त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

उत्तर आलं नाही. फक्त लिफ्टचं दार सावकाश सरकल्याचा आवाज आला, आणि मग बंद झाल्याचा. मेकॅनिकने ते दार पहारीने उघडलं, त्याला अजून एकवीस मिनिटं अवकाश होता.