फिरकीचा तांब्या

बी.ए.ला नेमलेल्या कादंबरीची यवतमाळच्या कॉलेजात एकच प्रत होती, आणि १९६१च्या जानेवारीत एका दुपारी तिच्यावर दोन हात एकदमच पडले. एक नेमसिंगचा, तो राळेगावकडच्या तांड्यावरून शिकायला आलेला. दुसरा विजयमालाचा, ती गावातल्याच एका शेतकऱ्याची लेक. ओढाताणीत तिचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या उघडाच होता तो कलंडला आणि नेमसिंगची वही चिंब झाली.

"आता पुस्तक तुम्हीच घ्या..." ती ओशाळली.

"वही वाळेपर्यंत दोघं मिळून वाचू ना!"

वही अर्ध्या तासात वाळली. वाचन मात्र मार्चपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवसापासून तो तांब्या रोज भरून टेबलावर येऊ लागला, नेमसिंगच्या बाजूला. तो पाणी प्यायचा आणि पान उलटायचा. भला माणूस!

सरांनी निबंध सांगितला होता: कादंबरीत पुन्हा पुन्हा येणारी एक वस्तू घ्या, तिचा माग काढा. विजयमाला हसून म्हणाली, "तांब्याच घेऊ. यातही हायेच." कादंबरीतली इंदू नवऱ्याला प्रत्येक प्रवासाला तांब्या भरून देते.

"तांब्या म्हंजे तिचं प्रेम," विजयमालाने ठरवूनच टाकलं. "जिथं तांब्या, तिथं प्रेम."

"मंग पाव्हण्यानं त्यातून पाय धुतले, ते काय हाय?" नेमसिंग म्हणाला. "तांब्या हाय तो. पाण्यासाठी असते."

मग दोघांनी यादी केली. सहा जागा सापडल्या. कोणतं पान, कोणाच्या हातात, भरलेला की रिकामा. प्रत्येक जागी नेमसिंग विचारायचा, "तांब्या काढून पाहा. प्रसंग बदलते काय?" लग्नाच्या भांड्यांत तो नसता तरी चाललं असतं. पाय धुण्यातही. पण भांडणात त्याला पोचा पडतो, आणि पुढे इंदू नवऱ्याला तांब्या देताना तो पोचा तळहाताखाली झाकते. तिथून तो काढताच येईना. आणि शेवटी नवरा घर सोडतो तेव्हा तांब्या दाराशीच राहतो. तिथे तर त्याचं सोबत नसणंच बोलत होतं.

"मंग त्या दोन साध्या जागा खोडू?" त्याने विचारलं.

"नका खोडू. तिथं तो नुसता तांब्या हाय, म्हणून तं शेवटी जीव तुटते आपला... एका जागेवरून काही नाही समजत. सगळ्या जागा ओळीनं पाहा लागते."

त्यांनी लिहिलं ते एवढंच: इंदू बोलू शकत नाही तेव्हा तांब्या देते; नवरा परत येईल की नाही, हे कादंबरी सांगत नाही. सरांनी शाबासकी दिली. नेमसिंगला ती शाबासकी जरा जास्तच चढली.

एप्रिलमध्ये परीक्षा संपली. उन्हाचा कहर होता. तो एसटीत बसला, तेवढ्यात विजयमाला खिडकीशी आली. मागे तिचा मोठा भाऊ उभा होता, पाहुण्यांना पोचवायला आलेला. तिने भरलेला तांब्या खिडकीतून आत दिला.

"परत आणून द्याल... तुम्हीच."

गाडी सुटली. तिच्यावर नेमसिंगचा जीव होता, आणि म्हणूनच त्याला भलता अर्थ काढायची भीती वाटली. कुठे ती, कुठे आपला तांडा! त्याने शिकलेलं लावून पाहिलं. तांब्या काढला तरी प्रसंग तोच राहतो: ऊन, तहानलेला माणूस, ओळखीची मुलगी. मे महिन्यात तांड्यावरचे धावजीकाका बाजाराला यवतमाळला निघाले, त्यांच्याजवळ त्याने तांब्या घासूनपुसून पाठवून दिला.

जूनमध्ये निकालाला तो आला, तेव्हा ती ग्रंथालयाच्या पायरीवर होती. बोटात नवी अंगठी होती.

"पांढरकवड्याचं स्थळ हाय," ती म्हणाली. "मी महिनाभर हो म्हटलं नव्हतं. मंग तुमचे काका आले, तांब्या घेऊन."

तिने निबंधाची वही त्याच्या हातात दिली. सहा जागांच्या यादीखाली वेगळ्या शाईत लिहिलं होतं:

जानेवारी. सांडला.
फेब्रुवारी, मार्च. रोज टेबलावर, भरलेला.
एप्रिल. खिडकीतून दिला.
मे. धावजीकाका.

नेमसिंगचे डोळे भरून आले. "मी तं एप्रिलच पाह्यला फक्त... सरळ काहून नाही बोलल्या?"

"मागं भाऊ उभा होता ना."

"माहा जीव होता तुमच्यावर. अजून हाय."

"आता सांगून राह्यले!" ती हसायला गेली, पण हसू जमलं नाही. "तुम्ही तांब्या काढून पाह्यला, नेमसिंग. त्याच्यासंगं मलेही काढून टाकलं."

ती पायऱ्या उतरून गेली. हातात आज तांब्या नव्हता तिच्या. हेही त्याला दिसलं, आणि या वेळी त्याचा अर्थ लावायला त्याला कोणाची गरज पडली नाही.