काचफोड्यांचं नाव कोणी पळवलं?

“गल्लीचे वाघ!” अंशुल ओरडला.

“देवासमध्ये गल्लोगल्ली वाघ आहेत,” ईशानी म्हणाली. “जर्सीवरचं टीमचं नाव वाचून समोरच्याला आधी हसू यायला हवं आणि मग जरा भीती वाटायला हवी.”

कप्तान मयुरेशने कपाळाला हात लावला. ओळीने सगळे सामने हरल्यावर अंशुलने सांगून टाकलं होतं, “रविवारी जर्सी नसेल, तर मी चाललो पलीकडच्या गल्लीच्या टीममध्ये!” टीममधला एकमेव बॉलर गेला, की सगळंच संपलं.

“काचफोडे!” ईशानी एकदम म्हणाली. सगळे खो खो हसले आणि मग जरा घाबरले. गल्लीतल्या जमुनाकाकूंच्या फुटलेल्या खिडकीची आणि त्यांनी जप्त केलेल्या चेंडूंची आठवण आली ना!

जर्सी छापणाऱ्या विपुलभियाला, म्हणजे विपुलदादाला, नाव आवडलं. “बढ़िया! छोटं आहे, छातीवर मोठं बसेल. रंगीत शीटमधून एक-एक अक्षर कापून चिमट्याने उचलावं लागतं, भिया. मग गरम प्रेसखाली दाबलं, की पक्कं. नंतर बदल नाही!” त्याने मोबाइलवर नमुना पाठवला, मयुरेशने होकार कळवला.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या दोरीवर अकरा नव्या जर्सी झळकत होत्या. प्रत्येकीवर ‘काचफोडे’!

“अंशुल, आपलं नाव तूच त्यांना सांगितलंस ना?” मयुरेश भडकला.

“मी? आईशप्पथ नाही!” अंशुलचे डोळे भरून आले. मयुरेशला फार वाईट वाटलं, पण माफी न मागता त्याने पाठ फिरवली.

ईशानी मात्र आईचा मोबाइल घेऊन आली. “हे बघा! विपुलभियाचं स्टेटस. आपला नमुना अख्ख्या देवासने पाहिलाय!”

मुलं दुकानात धडकली.

“अरे यार, ऍड होते ना!” विपुलभिया ओशाळला. “मला वाटलं, त्यांनाही हेच नाव सुचलं. छापून दिलं. तुमच्या जर्सी अजून कोऱ्याच आहेत.”

“सॉरी, अंशुल,” मयुरेश पुटपुटला. “आता दुसरं नाव कुठून आणायचं?”

“चोरलं तरी कामी येणार नाही, असं हवं,” ईशानी म्हणाली. “आपल्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही, असं काय आहे?”

“जमुनाकाकू!” अंशुल शहारला.

त्यांचं नाव वापरायची परवानगी मागायला गेल्यावर काकूंनी तिघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “छापा. पण मी मॅच बघायला येणार.” विपुलभियाने चूक कबूल करून रातोरात ‘जमुना टोळी’ छापून दिलं, स्टेटसवर न टाकता.

रविवारी पलीकडच्या गल्लीविरुद्ध टोळी पुन्हा हरली. दणकून हरली! नवी जर्सी घालून मयुरेश मान खाली घालून उभा होता.

तेवढ्यात काकू जप्त केलेल्या चेंडूंची बादली घेऊन मैदानात आल्या. जिंकलेल्या कप्तानाच्या छातीवरचं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं.

“काचफोडे? कोणाची काच फोडलीत रे?”

“कोणाचीच नाही, काकू!” तो चाचरला.

“मग खोटं कशाला मिरवता?” काकू कडाडल्या. “माझ्या चार काचा या पोरांनी फोडल्यात. खरे काचफोडे हे!”

त्यांनी बादली अंशुलच्या हातात दिली. अंशुलने सगळ्यात वरचा चेंडू उचलला आणि मयुरेशला विचारलं, “पुढच्या रविवारी बॉलिंग कोणत्या बाजूने?”