चार सेकंद

सीमिक पहिल्यांदा भेटला तेव्हा बाहेर गारा पडत होत्या, आणि त्याने अ‍ॅम्ब्युलन्सचं दार माझ्या बोटावर आपटलं.

"दिसत नाही का रे?"

"दिसतं की! म्हणून तर हात थरथरला…"

असला ड्रायव्हर! चिडले, पण हसूही आलं. मग वर्षभर त्याच गाडीत चहा, त्याच गाडीत भांडणं.

यंदा किर्गिझस्तानातल्या नारिनच्या आमच्या दवाखान्यातून सर्वोत्तम नर्सच्या बक्षिसासाठी माझं नाव लागलं. समारंभात आभाराच्या भाषणाला दोन मिनिटं, त्यानंतर माइक बंद. मोठ्या अक्षरांत कागद लिहिला. सीमिक फोनवर घड्याळ लावून बसायचा.

"दोन मिनिटं वीस! नुर्झात, बाई, काप काहीतरी."

पेशंटचं नाव घ्यायचं नाही, म्हणून फक्त "दहा नंबरच्या खाटेवरची आज्जी". ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा माझीच बाही धरून म्हणाली होती, "पोरी, पडू नकोस हं." मग रात्रपाळीच्या मुली, फरशी पुसणाऱ्या मावश्या. शेवटी मोठे डॉक्टर आणि सीमिक.

"माझं वाक्य किती?" त्याने विचारलं.

"आणि सीमिक, तू नसतास तर मी इथे नसते… चार सेकंद."

त्याने फोनवरचं घड्याळ थांबवलं. सोमवारी कामासाठी रशियाला निघणार होता. "सगळ्यांसमोर म्हणालीस ना, तर तिकीट फाडतो. आईला तुझ्या घरी मागणी घालायला पाठवतो."

"म्हणेन रे."

एक मिनिट पन्नासवर बसवलं भाषण. एकच विसरले. स्टेजवर आधी म्हाताऱ्या पाहुण्यांनी खांद्यावर चापान, मानाचा लांब अंगरखा, घातला, मग हात पसरून लांबलचक दुवा दिली. आता मधेच कोण थांबवणार? सगळा हॉल आमीन म्हणत हात चेहऱ्यावरून फिरवत होता… आणि समोरचं घड्याळ केव्हाच सुरू झालं होतं.

आज्जीचं सांगितलं, लोक हसले, काहींनी डोळे पुसले. मुलींचं झालं. मावश्यांचं अर्धं गिळलं. दहा सेकंद उरले. लाल दिवा. दोन वाक्यं.

पहिल्या रांगेत मोठे डॉक्टर, शेजारी हेड नर्स तोक्तोबुबू एजे, आम्हा सगळ्यांची मोठी ताई, भुवया उंचावून. चौथ्या रांगेत सीमिक, इस्त्रीचा शर्ट घालून.

"आमचे आदरणीय मोठे डॉक्टर, ज्यांच्या मार्गदर्शनाशिवाय…"

तोंडातून तेच निघालं. शाळेपासून तेच शिकवलंय ना, आधी मोठे! संपलं, टाळ्या झाल्या. माइक बंद.

एजे म्हणाल्या, "शाब्बास! कुणीच राहिलं नाही."

बाहेर तो गाडीला टेकून उभा होता.

"सीमिक, ती दुवा… वेळच…"

"एक मिनिट सत्तावन्न," फोन दाखवत तो म्हणाला. "छान बसवलंस."

"ओरड ना माझ्यावर!"

"कशाला? मोठ्या डॉक्टरांचं वाक्य सात सेकंदांचं होतं गं. मीच मोजलं होतं." दार त्याने हळूच लावलं. या वेळी माझं बोट लांब होतं.

सोमवारी दुपारी तो रशियाला निघाला, तेव्हा मी ड्यूटीवर होते. दहा नंबरची खाट रिकामी. तिथे उभी राहून ते वाक्य मोठ्याने म्हटलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.

चारसुद्धा नाही. तीनच लागले.