कापलेली पट्टी

"काका टाकीवर आहे. आणि लोक तिकडेच निघालेत," आजी खिडकी लोटत म्हणाली. ठमीने फोन उघडला.

गल्लीतल्या प्रत्येक फोनवर एकच चित्रफीत फिरत होती. नागाची अंगठी घातलेला एक हात काळ्या पाण्यात बाटली ओततोय, आवाज काही नाही, वर लाल अक्षरं : 'आपल्या टाकीत विष. आजचीच घटना. लगेच सगळ्यांना पाठवा.' पाण्याच्या टाकीत बाटल्या ओतणारा माणूस एकच, ठमीचा काका. तो ओततो ते पाणी शुद्ध करायचं औषध.

"हे तर आपलंच मीम," आतेभाऊ लंबू पुटपुटला.

सुट्टीत दोघांनी गंमत केली होती. जुन्या गाजलेल्या सिनेमातला खलनायक विहिरीत विष ओततो, त्याच्या धडावर नगराध्यक्षांचं भोपळ्याएवढं डोकं. खाली पट्टी : 'नळ कोरडा? आश्वासन प्या. व्यंग आहे, दृश्य सिनेमातलं.' सगळी गल्ली पोट धरून हसली होती. आता डोकं गेलं, पट्टी गेली, आवाजही गेला. उरला नुसता हात.

लंबूने चित्र थांबवून तेच शोधात टाकलं. सिनेमातलं पूर्ण दृश्य पुढे आलं, आवाजासकट.

"चल, जाऊन सांगू."

"चिडलेल्या माणसाला सांगून पटतं होय? दाखवावं लागतं," ठमी म्हणाली.

मागच्या वाटेने दोघं टाकीच्या खोलीत शिरली. फाटकावर दगड आपटत होते. काका कोपऱ्यात उभा, चेहरा पांढराफटक. ठमीने पाणी सोडल्याची वर्दी द्यायचा भोंगा लावला आणि लंबूचा फोन त्याच्या माइकपुढे धरला.

भोंग्यातून खलनायक गरजला, "तहान लागलीय ना, गावकऱ्यांनो?"

दगड आपटायचे थांबले. मग गर्दीतूनच कुणीतरी सवयीने पुढचं वाक्य म्हणालं, "मग माझ्या हातून प्या."

सगळ्यांना तोंडपाठ होतं ते. हातातला दगड खाली ठेवताना एकाला लाज वाटली.

ठमी फाटकापाशी आली आणि गजांतून फोन दाखवत बोलली, "पूर्ण दृश्य बघा. हातात तीच नागाची अंगठी. आम्ही केलं ते व्यंग. भोपळ्याएवढं डोकं बघून कुणी खरं मानत नाही, आणि खाली तसं लिहिलंही होतं. ह्यात हसायचं सगळं कापून 'आजचीच घटना' लिहिलीय. कुणी पाहिली, कुणी काढली, काही नाही. नुसतं 'पाठवा'. शिंपीमामा, तुम्हाला कुणी पाठवलं?"

सगळ्यांत पुढे असलेल्या शिंपीमामाने मान खाली घातली. "मीच कापलं गं. स्टेटसच्या चौकटीत बसेना. म्हणून वरचं डोकं, खालची पट्टी… नुसता हात भारी दिसत होता. लाल अक्षरं मात्र माझी नव्हेत. ती लावून परत आलं, तेव्हा माझं मलाच ओळखू आलं नाही."

"कापड बेतताना काठ कापून टाकतोस का कधी?" मागून आलेली आजी म्हणाली. "मग इथे कशाला कापलास?"

मामाने तिथेच पूर्ण चित्रफीत सगळ्यांना पाठवली, पट्टीसकट, आणि खाली लिहिलं : 'चूक माझी.' लोक पांगले. काकाने फाटक उघडलं.

आजीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, मग पोरांकडे वळली. "डोकं आहे हो तुम्हाला, भोपळ्यापेक्षा बरं. पण पुढच्या वेळी ती पट्टी चित्राच्या काठाला नको. मधोमध छापा. जो पट्टी कापेल त्याला चित्रातला हातही कापावा लागेल."