तिसरा हिसका

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. नव्या जिल्ह्याबरोबर नव्या जागा निघाल्या आणि मला चाकूरकडच्या एका उपकेंद्रात नर्सची नोकरी लागली. आमच्या वस्तीतली पहिली सरकारी नोकरी. पाऊस मात्र त्या साली आमच्याकडची वाटच विसरला होता.

हाताखालच्या एका गावात जुलाब-उलट्यांचे पेशंट निघाले, म्हणून आडात ब्लिचिंग पावडर टाकायला मी निघाले. फाट्यावर एस.टी.तून उतरले, खांद्याला पावडरीची पिशवी, हातात दोन बादल्या. दुपारची वेळ. कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीला चिकटून पडलेली. गावात शिरले तर वास आला तो धुळीचा आणि वाळलेल्या शेणाचा. ओलीचा वास कुठंच नाही.

आडावर एक म्हातारी एकटीच पाणी शेंदत होती. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. गौरम्मा तिचं नाव. गावातल्या किराणा दुकानदाराची आई.

"मावशी, थोडं पाणी द्या," मी म्हटलं. "पावडर आधी बादलीत कालवावी लागते. चुना खाली बसला की वरचं नितळ पाणी आडात सोडायचं."

"नाव काय म्हणलाव?"

"पंचशीला."

तिनं भरलेली घागर जराशी आपल्याकडं ओढून घेतली. मला त्याची सवय होती. मग ती म्हणाली, "तुमची बादली खाली ठिवा. वरून वतते."

किती पावडर लागेल हे आडातल्या पाण्यावर ठरतं. म्हणून मी काठावरून वाकून बघितलं. ऊन डोक्यावर होतं, ते थेट तळापर्यंत पोचलं होतं. खाली कोरडा खडक होता. एका अंगाला कपारीपाशी ढासळलेल्या दगडांचा ढीग. पाणी नव्हतं. चिखलसुद्धा नव्हता.

"मावशी, आडात पाणी कुठाय?"

दुसरी घागर दोराला बांधून तिनं खाली सोडली. रहाट कुरकुरत फिरला, थांबला. ती दोर हातात धरून उभी राहिली, एखाद्या बाईनं दळण होईस्तोवर उभं राहावं तशी. मीही उभी राहिले. बराच वेळ गेला. खालून बारीक आवाज येत होता… वाटीनं दगड खरवडल्यासारखा. मग घागरीत ओतल्यासारखा. पुन्हा खरवडल्यासारखा…

दोराला खालून हिसका बसला. लगेच दुसरा.

गौरम्मानं घागर वर ओढली. काठोकाठ भरलेली. पाणी जरा गढूळ, गार.

मी पुन्हा काठावरून वाकले. "खाली कोण आहे?"

"कुणी न्हाई."

"मग भरतं कोण?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "नागुबाई."

मग तिनं सांगितलं. पावसाळा कोरडा गेला, आड आटला. तळाला कपारीत एक झिरा तेवढा राहिला होता, वाटीवाटीनं भरावा असा. खाली उतरायला कुणी तयार होईना. बौद्धवाड्यातल्या साहेबरावची बायको नागुबाई अंगानं हलकी. तिला दोरानं खाली सोडायचे. दिवसभर ती झिऱ्यापाशी बसून गावाच्या घागरी भरायची. घागर भरली की दोन हिसके. तिला स्वतःला वर यायचं असलं की तिसरा.

"तिच्या हातचं पाणी चालायचं?" मी विचारलं.

"दुष्काळात इटाळ बी आटतो, बाई."

"आणि तिच्या घरी पाणी?"

"समद्यांचं झाल्यावर एक घागर. ते ठरलंच हुतं."

त्या दिवशी साहेबराव रोजगार हमीच्या खडीवर गेला होता. संध्याकाळी गावाच्या घागरी भरून झाल्या. जो तो आपलं पाणी घेऊन घरी गेला. नागुबाईला कुणीतरी ओढून घेईल, असं प्रत्येकाला वाटलं.

"शेवटची घागर कुणाची होती?"

"माझी," ती म्हणाली. "म्या तिला म्हणलं, येते गं, घागर ठिवून येते… सून चुलीपाशी हाका मारत हुती. राहून गेलं."

नागुबाई वाट बघून बघून स्वतःच दगडांना धरून वर चढायला लागली. अर्ध्यावर आडाच्या कडेचे दगड सुटले. साहेबरावनं अंधार पडल्यावर तिला बाहेर काढलं, तेव्हा जीव गेलेला होता.

पुढं आडाकडं कुणी फिरकेना. तहान मात्र कुणाला सोडत नाही. एका बाईनं धीर करून रिकामी घागर खाली सोडली. दोन हिसके आले. घागर भरून वर आली. त्या दिवसापासून सगळं गाव तेच पाणी पीत होतं.

"साहेबरावला ठाऊक आहे?"

"न्हाई. तो लेकरं घेऊन लोह्याकडं गेला. कुणी सांगितलंच न्हाई त्याला. सांगितलं असतं तर…"

तिनं घागर सोडून दोराला माझी बादली बांधली. "घ्या, तुमचं काम उरका," म्हणाली. बादली खाली गेली. वाटीचा आवाज आला. दोन हिसके बसले.

आणि मग तिसरा. हळूच. लहान लेकरानं पदर ओढावा तसा.

गौरम्मानं चटका बसल्यासारखा दोर सोडला. "सोडा… तिसरा आला की सोडून द्यायचा! वर ओढायचं न्हाई!"

"रोज येतो तिसरा?"

"रोज. समद्यांना येतो…"

"आणि कुणीच ओढत नाही?"

"ती वर आली तर पाणी कोण भरंल, बाई?"

भीती मला वाटत होतीच. पण त्या बोलण्यानं भीतीच्या वर काहीतरी उसळलं. मी दोर धरला आणि ओढायला लागले. बादलीचं ओझं नव्हतं ते. माणसाचं होतं. हात सोलून निघत होते, रहाट करकरत होता. गौरम्मा एकदा माझ्या हाताला झोंबली, मग मागं सरकून नुसतं "शिवा, शिवा" करायला लागली. दोर काठापर्यंत आला आणि एकदम हलका झाला.

बादली रिकामी होती.

काठाच्या दगडावर ओलं पाऊल उमटलं. मग दुसरं. दगड इतका तापलेला की थेंब पडला तर चर्र व्हावा, पण पावलं वाळली नाहीत. मला वाटलं, ती बौद्धवाड्याकडं जातील, आपल्या घराकडं. ती तिकडं वळली नाहीत. गावच्या गल्लीत शिरली आणि तिसऱ्या दाराचा उंबरा ओलांडून आत गेली.

"ते माझं घर हाय," गौरम्मा म्हणाली. "सून माहेरी गेली. घरात कुणी न्हाई…"

आतून आवाज आला. भरल्या रांजणात तांब्या बुडल्याचा. पुन्हा. पुन्हा…

त्यानंतर आडात सोडलेल्या घागरी रिकाम्याच वर आल्या. गावानं अर्ज दिला, नर्सबाईनं पावडर टाकून झिरा मारला म्हणून. पावडरीची पिशवी तर मी उघडलीसुद्धा नव्हती. माझी बदली झाली उदगीरकडं. गावाला टँकर सुरू झाला, दोन वर्षांनी पाऊसही झाला.

पुष्कळ दिवसांनी गौरम्मा आमच्या दवाखान्यात आली. एकटीच. वाळून चिपाड झालेली. डॉक्टरांनी साखर तपासली, सगळं तपासलं, काही निघालं नाही. बाहेर बाकावर बसून तिनं माझ्याकडं पाणी मागितलं. माझ्या हातचं. मी दिलं. तिनं पेला रिकामा केला आणि पुढं केला. मग पुन्हा. शेवटी मी माठच तिच्याजवळ नेला.

"किती प्याल मावशी?"

"घोट माझ्या घशातून जातो," ती म्हणाली, "तहान तिची भागते."

माठ संपवून ती उठली आणि एस.टी. स्टँडकडं चालायला लागली. ओठ तसेच फुटलेले, कोरडे. ती बसली होती तिथं बाक अगदी कोरडा होता. तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर मात्र ओल होती, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.