रुडॉल्फने लिहून दिलेला निरोप

नेल्सन धक्क्यावरून घरी आला तेव्हा प्रियल बॅग भरत नव्हती, रिकामी करत होती!

एकेक कपडा बाहेर येत होता. जाड स्वेटर, ज्याला हात लावून मर्लिनने विचारलं होतं, "मम्मी, हे मेंढीचं का?", पांढरे मोजे, तिच्या आईने माहेरून बांधून दिलेली मसाल्याची पुडकी... सगळं पलंगावर. उद्या दुपारचं विमान. आज संध्याकाळी घरात रोजरीची प्रार्थना, फादर येणार, अर्धं पाचूबंदर गाव जेवायला येणार, अंगणात खुर्च्यासुद्धा येऊन पडल्या होत्या. आणि ही बाई सुटकेस ओतत बसलेली!

"अगं, काय चाललंय?"

"मी जात नाही," प्रियल शांतपणे म्हणाली. तिचे डोळे मात्र शांत नव्हते, रडून रडून लाल झाले होते. "तुझा मेसेज वाचला सकाळी. एवढं सगळं मनात ठेवून तू हसत फिरत होतास, नेल्सन? मला आधी का नाही सांगितलंस?"

नेल्सनने कपाळाला हात लावला. मेसेज! अरे देवा, तो मेसेज!

आता नेल्सन कसा माणूस, ते सांगायला हवं. मासेमारी बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य. भर समुद्रात वारा फिरला तर पाच माणसांना एका आवाजात जाग्यावर आणील. पण बायकोला 'आज छान दिसतेस' म्हणायचं तर घसा खाकरत परसात निघून जाईल. प्रियल नर्स. आयर्लंडच्या एका रुग्णालयात तिची नेमणूक झाली, दोन वर्षांचा करार. इंग्रजीची परीक्षा पहिल्या खेपेला थोडक्यात गेली तेव्हा, 'परत बस, मी मर्लिनला सांभाळतो,' असं म्हणणारा हाच. तिकडच्या नोंदणीसाठी तिचे दाखले घेऊन मुंबईत रांगा लावणाराही हाच. पण निघताना तिला काहीतरी चांगलं लिहून द्यावं, मनापासूनचं, असं त्याला वाटलं, आणि तिथे बिचाऱ्याची गाडी अडली. म्हणून तो गेला रुडॉल्फकडे.

हा रुडॉल्फ म्हणजे त्याचा चुलतभाऊ आणि कोळीवाड्याचा लेखणीबहाद्दर. लग्नातला टोस्ट त्याने बोलायचा, आणि कोणी वारलं की महिन्याच्या मिस्साला चर्चमध्ये वाटायच्या कार्डावरचा मजकूरही त्यानेच लिहायचा. त्यातही मयताचं लिहिण्यात त्याचा हात जास्त बसलेला. त्याने डोळे मिटले, उसासा टाकला आणि लिहून दिलं, 'प्रिये, तुझ्याविना हे घर सुने सुने... तुझी रिकामी खुर्ची पाहून काळीज विदीर्ण होईल... आपली चिमुकली कोणाच्या कुशीत शिरेल? दिवस उगवेल, पण उजाडणार नाही...' नेल्सनने वाचलं, त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. वा! काय लिहिलंय! आणि बोटीवरच्या पोरांना डिझेल भरायला सांगता सांगता त्याने ते जसंच्या तसं प्रियलला पाठवून दिलं.

"ते मी लिहिलेलं नाही," तो आता अडखळत म्हणाला. "रुडॉल्फने लिहिलंय."

"पाठवलंस तर तूच ना?"

"हो, पण..."

"मग तुझ्या मनात काय आहे ते तू सांग." प्रियल उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "नेल्सन, मला चार ओळी छान नको होत्या रे. मला एवढंच कळायला हवं होतं, मी गेले तर तुम्ही सावराल का? मर्लिन सावरेल का? तुझ्या आय तर व्हिसा आल्यापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांना मी नकोशी झालेय, हे काय मला दिसत नाही? आणि आता तूही मोडून पडणार असशील, तर आग लागो त्या नोकरीला! बोल. बोल ना काहीतरी!"

   नेल्सनने फोन उचलला, मेसेजवर बोट दाबून 'सर्वांसाठी डिलीट करा' केलं, आणि तिच्या फोनवर तेवढीच एक ओळ उरली, की हा मेसेज काढून टाकला आहे. प्रियल त्या ओळीकडे बघून कडवट हसली. "हे बघ. तेही गेलं."

तो मान खाली घालून परसात आला.

परसात त्याची आई, मालूआय, बोंबील वाळवायच्या वलांडीखाली बसून संध्याकाळच्या जेवणासाठी नारळ खवत होती. शेजारी मर्लिन खोबऱ्याचे तुकडे चोरत होती. आयने मान वर केली नाही. पण घर छोटं, भिंती पातळ, तिने सगळं ऐकलं होतं.

"झालं तुझ्या मनासारखं," नेल्सन कधी नव्हे तो आईवर चिडला. "नाय जात ती! आता तरी बोल तिच्याशी!"

आयचा हात थांबला.

"माझ्या मनासारखं?" ती म्हणाली. "येड्या, मी तोंड शिवून का बसले ते तुला ठावं हाय? तुझ्या बापाला कुवेतला नोकरी लागली होती. मोठ्या जहाजावर. तू पोटात होतास. निघायच्या दिवशी मी दारात आडवी पडले. बोलले, तू गेलास तं मी जीव देईन. राहिला बिचारा. एक शबूद नाय बोलला. पन त्या दिवसापासनं वरनं विमान गेलं का जेवता जेवता त्याचा हात थांबायचा."

 तो थांबलेला हात नेल्सनने लहानपणी किती वेळा पाहिला होता! बाबांना विमानं आवडतात, असंच त्याला वाटायचं.

"कोन काय बोलला नाय मला. पन मला कललं ना, मी काय केलं ते!" आयच्या सुरकुतलेल्या गालावरून पाणी ओघळलं. "प्रियलचा कागुद आला तवा छाती भरून आली रे माझी. पन तोंड उघडलं असतं तं 'नको जाऊ' हेच निघालं असतं. म्हनून गप. ती मला वाईट समजली तं समजू दे, पन जाऊ दे, असं ठरवलं मी... आनि तू? तू तिला मयताचं कार्ड पाठवलंस!"

"मग काय सांगू मी तिला, आय? मला नाय येत बोलता!"

"तुला काय होतंय ते नको सांगू. तिला काय पायजे ते सांग. एवढंच असतं निरोपात."

तो ओट्यावर बसला. फोनवरचं माईकचं बटण दाबून धरलं. "हॅलो प्रियल, मी नेल्सन बोलतोय..."

"तिला माहितीय ना, डॅडी!" मर्लिन खिदळली. अंगठा डावीकडे घसरला, रेकॉर्डिंग पुसलं गेलं. दुसऱ्यांदा तो बोलायला लागला तर तोंडातून 'तुझ्याविना' निघालं, आणि आयने खवणीवरून अशी नजर टाकली की त्याने आपणहून ते पुसलं. मग तो उगाच समोर बघत बसला. खाडीच्या तोंडाशी कुणाची तरी बोट बाहेर पडत होती, आणि त्याला आठवलं... लग्न झाल्यापासून दर फेरीला प्रियल धक्क्यावर यायची. मर्लिन कडेवर असायची, कधी रात्रपाळी करून डोळे जळत असायचे, कधी आदल्या दिवशी वादळाची बातमी ऐकलेली असायची. पण कधी तिने 'नको जाऊ' म्हटलं? कधी 'माझं कसं होईल' म्हटलं? ती मासळीवर घालायच्या बर्फाचं तेवढं विचारायची, दर वेळी तेच, "बर्फ घेतलास का?" आणि तो हसत बोटीवर चढायचा. अरे, हाच तर निरोप होता! इतकी वर्षं तो तिच्याकडून घेत आला होता, आणि द्यायची पाळी आली तेव्हा रुडॉल्फकडे गेला!

त्याने पुन्हा बटण दाबलं. या वेळी आवाज थरथरला, पण थांबला नाही.

"प्रियल, तू जा. मर्लिन रडेल. मीही रडेन. आम्ही रडू आणि मग जेवू, उपाशी नाही राहणार. तिच्या वेण्या आय घालील, मला येत नाहीत, पण मी शिकतोय. बोट मी आपल्या बोटीवरच्या पास्कलला चालवायला दिलीय, तू येईपर्यंत. तुला सांगितलं नाही, तू नको म्हणाली असतीस. मी इथेच बर्फाच्या कारखान्यात लागलोय, म्हणजे रोज संध्याकाळी घरी. उपकार नाही करत मी. मी समुद्रात असायचो तेव्हा तू घर धरून ठेवलंस, आता मी धरतो. फोन ड्युटीवर जायच्या आधी कर, तेव्हा इथे दुपार, मर्लिनची शाळा सुटलेली असते. ड्युटी संपल्यावर करशील तर ती झोपलेली असेल, तुला वाईट वाटेल. कधी उचलला नाही तर घाबरू नको. आणि आम्ही फोनवर खोटं हसणार नाही, तूही हसू नको. थकलीस तर थकले म्हण... माझं नाव घेऊन कधी परत फिरू नको, प्रियल. काम पुरं कर आणि ये." तो थांबला. घसा खाकरला, पण परसातून उठून कुठे जायला जागाच नव्हती. "पासपोर्ट घेतलास का?"

बटण सोडलं. मेसेज गेला. आतल्या खोलीत प्रियलचा फोन वाजला, मग त्याचाच आवाज भिंतीपलीकडून त्याला ऐकू येऊ लागला, आणि तो लाजेने चूर झाला. हातातल्या फोनवरचं माईकचं चिन्ह निळं झालं. आवाज संपला. मग मेसेज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला! 'प्रियल, तू जा...' शेवटचं वाक्य आलं, आणि आतून एक हुंदका आणि एक हसू एकदमच फुटलं.

मर्लिन खोबरं चघळत दारापर्यंत धावली आणि डोकावून ओरडली, "डॅडी, मम्मी परत भरतेय!"

नेल्सनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याची छाती फाटत होती, खरंच फाटत होती. रुडॉल्फने लिहिलेलं सगळं, अक्षरन् अक्षर, त्याला होत होतं. पण ते त्याचं त्याच्यापाशी. तिच्या बॅगेत ते भरायचं नव्हतं, हे आता त्याचं पक्कं ठरलं होतं.

"नेल्सन!" आतून हाक आली. आवाज ओला होता, पण त्यात नर्सबाईचा हुकूम परत आला होता. "जरा ये इकडे, चेन लागत नाही. बॅगेवर बस!"

तो उठणार, तेवढ्यात मालूआयने खवणी बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"तू ऱ्हा," ती म्हणाली. "मी जाते."

नेल्सन मागोमाग उठून दाराशी आला आणि बघत राहिला. आय आत गेली. प्रियल तिच्याकडे बघतच राहिली. कित्येक आठवड्यांत ही बाई तिच्या खोलीत आली नव्हती. आय सुटकेसवर बसली, चांगली मांडी घालून, सगळा भार टाकून, आणि तिने सुनेच्या गालावरून आपला खोबऱ्याचा हात फिरवला.

"लाव चेन," ती म्हणाली. "मी दाबून धरलीय. जा, पोरी."